नखातला काळा पट्टा पुढे सरकतोय का?

अंगठ्याच्या नखात एके दिवशी तपकिरी रेघ दिसते. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत सरळ, उभी. घरातलं कुणी म्हणतं, दारात चेमटलं असेल. कुणी फोनवर शोधतं आणि पहिल्याच फोटोखाली कॅन्सर हा शब्द वाचून रात्रभर जागं राहतं. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेच्या माणसांमध्ये अशा रेघा पुष्कळ दिसतात आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. पण नखाचा मेलानोमा, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग, तोही बऱ्याचदा अशाच एका रेघेने सुरू होतो. नुसत्या रंगावरून दोन्हींत फरक करता येत नाही. तो करायचा तर नख कुठे तयार होतं, किती वेगाने वाढतं आणि दिसणारी खूण त्या वाढीबरोबर पुढे जाते का, हे पाहावं लागतं. खळगे पडलेलं नख, चमच्यासारखं खोलगट झालेलं नख आणि फुगीर बोटाचं वळलेलं नख वाचायची रीतही हीच आहे.

नख तयार कुठे होतं

आपल्याला दिसतं ते नख मेलेलं असतं. जिवंत कारखाना मागे असतो, नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली झाकलेला. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. अंगठ्याच्या नखावर बुडाशी पांढरी चंद्रकोर दिसते, ती या मॅट्रिक्सचीच बाहेर डोकावणारी पुढची कड. मॅट्रिक्समधल्या पेशी सतत नव्या पेशी तयार करतात, त्या चपट्या होतात, केराटिनने भरतात, मरतात आणि पुढे ढकलल्या जातात. त्यांचा एकजीव थर म्हणजे नख.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणून ते पूर्ण बदलायला सहा महिने लागतात. पायाचं नख त्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी वेगाने, महिन्याला १ ते १.५ मिलिमीटर वाढतं. पायाच्या अंगठ्याचं नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष जातं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावरच आहे.

हातमागावर उभ्या ताण्यात एक धागा काळा लावला, की तो कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा पट्टा काढत जातो. बाण्यात एकदाच काळा धागा टाकला, तर एक आडवी रेघ उमटते आणि कापड विणत जाईल तशी ती पुढे सरकते. नखाचंही असंच आहे. मॅट्रिक्समधल्या एखाद्या ठिपक्याएवढ्या जागी रंग सतत तयार होत असेल, तर नखावर उभा पट्टा येतो. एखाद्या आठवड्यात सगळ्या मॅट्रिक्सचंच काम थंडावलं असेल, तर आडवी खाच येते. डेंगी, टायफॉइड किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोनेक महिन्यांनी बऱ्याच नखांवर एकाच उंचीला अशी खाच दिसते. ती मुळापासून ६ मिलिमीटर पुढे असेल, तर दुखणं साधारण दोन महिन्यांपूर्वीचं. ती आपोआप वाढून निघून जाते, तिला औषध लागत नाही.

रक्त की रंग

काळ्या खुणेचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नखाखाली साकळलेलं रक्त. बोट दारात सापडलं तर लक्षात राहतं. पण घट्ट बुटांनी गड उतरताना पायाचा अंगठा शेकडो वेळा बुटाच्या टोकावर आदळतो, तेव्हा दुखतही नाही आणि दोन दिवसांनी नख काळं दिसतं. उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. काळा डाग दिसला की आपण मागे जाऊन एखादा मार आठवतोच. प्रत्येकाच्या पायाच्या अंगठ्याला वर्षभरात काही ना काही लागलेलं असतंच, त्यामुळे मार आठवला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली मेलानोमा सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजली गेली होती. १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

रक्त ओळखायचं ते त्याच्या सरकण्यावरून. साकळलेलं रक्त नखाला चिकटून नखाबरोबर पुढे जातं आणि त्याच्या मागे, मुळाकडे, स्वच्छ गुलाबी नख उगवतं. उभा पट्टा मात्र मुळाशी रोज नव्याने तयार होतो, म्हणून त्याच्या मागे स्वच्छ नख कधीच येत नाही.

हे मोजायचं असं. नेलपॉलिश पूर्ण काढा. दिवसा खिडकीपाशी बसा, बोट सैल ठेवा, कारण बोट दाबलं की नखाखालचा रंग बदलतो. नखाशेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा. कातडीच्या कडेपासून डागाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. चार आणि आठ आठवड्यांनी त्याच जागी, तशाच उजेडात पुन्हा फोटो.

समजा, पायाच्या अंगठ्याच्या नखात डाग आहे आणि त्याची मागची कड मुळापासून ३ मिलिमीटरवर आहे. आठ आठवड्यांनी तेच अंतर ५ ते ६ मिलिमीटर भरलं आणि मधला भाग स्वच्छ असला, तर ते रक्त असण्याची शक्यता खूप. आठ आठवड्यांनीही अंतर तेवढंच असलं, किंवा डाग मुळापर्यंत मागे पसरला, तर ते साधं रक्त नव्हे. एक सावधानता इथे हवी. गाठीतूनही रक्त येऊ शकतं, म्हणून त्याच जागी पुन्हापुन्हा रक्त साकळत असेल, तर सरकणाऱ्या डागावरही विसंबू नका. आणि मुळापासून टोकापर्यंत गेलेला, नव्याने आलेला, रुंद पट्टा असेल, तर ही आठ आठवड्यांची वाट बघायचीच नाही, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं.

मेंदीचा किंवा केसांच्या कलपाचा रंग वेगळा दिसतो. तो नखाच्या वरच्या पृष्ठभागावर असतो. पुढे सरकताना त्याची मागची कड नखाच्या मुळाच्या कातडीच्या वळणाला अगदी समांतर राहते, आणि वरून हलकेच खरवडला तर निघतो.

पट्ट्याची दोन टोकं दोन वेगळ्या तारखांची असतात

उभा पट्टा आहे हे नक्की झालं, की पुढचा प्रश्न असा: रंग तयार करणारी जागा तेवढीच राहिली आहे की वाढते आहे? याचं उत्तर नखावरच लिहिलेलं असतं. हाताच्या नखाच्या टोकाशी जो भाग आहे तो मुळाशी पाच-सहा महिन्यांपूर्वी तयार झाला. मुळालगतचा भाग या आठवड्यातला आहे. पट्टा टोकाशी २ मिलिमीटर आणि मुळाशीही २ मिलिमीटर असेल, तर मधल्या काळात ती जागा वाढलेली नाही. टोकाशी २ आणि मुळाशी ४ असेल, पट्टा लांबट त्रिकोणासारखा दिसत असेल, तर रंगाची जागा सहा महिन्यांत दुप्पट रुंद झाली. एकाच नखात सहा महिन्यांची नोंद असते आणि ती वाचायला फक्त पट्टी लागते. तरी फार थोड्या जणांना हे माहीत असतं, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं.

रुंदीचा ढोबळ उंबरठा ३ मिलिमीटर मानतात. त्याहून रुंद पट्टा, पुसट किंवा वाकडीतिकडी कड, एकाच पट्ट्यात फिकट तपकिरी ते गर्द काळ्या अशा वेगवेगळ्या छटा, गेल्या काही महिन्यांत झालेला बदल, वय साधारण पन्नाशीच्या पुढे, आणि हाताचा किंवा पायाचा अंगठा या गोष्टी जितक्या एकत्र येतील तितका संशय वाढतो. घरात कुणाला मेलानोमा झालेला असेल तर आणखी. नख तिथे चिरत असेल, पातळ होत असेल, खालून काही वर येत असेल किंवा रक्त येत असेल, तर एक दिवसही थांबू नये. काही मेलानोमांना रंगच नसतो. नखाखाली न भरणारी, लालसर, ओलसर गाठ एवढंच त्यांचं रूप असतं आणि बराच काळ त्यावर कुरूप किंवा जखम म्हणून मलम लावलं जातं.

सगळ्यात बोलकी खूण नखाच्या बाहेर असते. रंग नखाच्या मुळाच्या कातडीवर, बाजूच्या घडीवर किंवा बोटाच्या टोकावर उतरलेला असेल, तर रंगाच्या पेशी नखाबाहेर पसरल्या असण्याची शंका घेतात. इंग्लंडमधले शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात हिचं वर्णन केलं, म्हणून तिला हचिन्सन चिन्ह म्हणतात. पण इथे फसगत होते. मुळाची पातळ कातडी पारदर्शक असते आणि तिच्याखालचा पट्टा आरपार दिसतो, म्हणून रंग कातडीवर आहे असा भास होतो. सावळ्या माणसांत बोटांची कातडी मुळातच गडद असते, तेव्हा शेजारच्या बोटाशी आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघावं लागतं. डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या उजेड असलेल्या भिंगातून हे पाहतात. त्यात पट्ट्यातल्या रेषा एकसारख्या जाडीच्या आणि समांतर आहेत की कुठे जाड, कुठे तुटक आहेत, हेही दिसतं.

आता धीर देणारी बाजू. दोन-चार किंवा जास्त बोटांत पट्टे असतील, अनेक वर्षांपासून असतील, वाढत नसतील, तर आपल्याकडे ते बहुधा त्वचेच्या रंगाचाच भाग असतात. वयाबरोबर त्यांची संख्या वाढते. गरोदरपणात येतात. पायाच्या बोटांवर बूट सतत घासला तर येतात. काही औषधांनी येतात, विशेषतः कर्करोगाच्या केमोथेरपीने, हायड्रॉक्सियुरियाने आणि एचआयव्हीवरच्या झिडोव्हुडिनने. आणि एक कारण शाकाहारी घरांमध्ये आवर्जून आठवावं: बी-१२ ची कमतरता. तीत बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते, नखांत पट्टे येतात, सोबत जीभ गुळगुळीत होऊन झोंबते, पायांना मुंग्या येतात. बी-१२ दिलं की काही महिन्यांत हा रंग उतरतो. लहान मुलांच्या नखातला एकच पट्टा बहुतेक वेळा साध्या तिळाचा असतो. तो रुंद आणि गडद दिसला तरी डॉक्टर बहुधा घाईने कापत नाहीत, फोटो ठेवून लक्ष ठेवतात.

तुकडा कुठून काढायचा

एक उदाहरण घेऊ. साठीतल्या एका बाईंच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखात वर्षभर तपकिरी पट्टा आहे. बाकी नऊ नखं स्वच्छ. पट्टा टोकाशी २ मिलिमीटर, मुळाशी साडेतीन. डाव्या कडेला काळा, उजव्या कडेला फिकट. मधल्या काळात कुणी बुरशी म्हणून तीन महिने गोळ्या दिल्या, कारण नखाचं टोक थोडं चिरलं होतं. बुरशीची तपासणी केली नव्हती. नंतर नखाचा कापलेला तुकडा तपासणीला गेला आणि अहवाल आला की कर्करोगाच्या पेशी नाहीत. त्या अहवालावर सगळे निर्धास्त झाले.

चूक इथे आहे. कापलेल्या नखात मेलेल्या पेशी आणि रंगाचे कण असतात. रंग तयार करणाऱ्या जिवंत पेशी मागे, कातडीखाली, मॅट्रिक्समध्ये असतात. नखाचा तुकडा बुरशी शोधायला उपयोगी आहे, रंग नखाच्या वरच्या थरात आहे की खालच्या हे सांगायलाही उपयोगी आहे, पण तो मेलानोमा नाकारू शकत नाही. या बाईंना मॅट्रिक्सची बायोप्सी हवी होती.

ती अशी होते. बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना इंजेक्शन देऊन बोट बधिर करतात. नखाच्या मुळाची कातडी दोन बाजूंना छेद देऊन मागे दुमडतात, नखाचा मागचा भाग अलगद उचलतात, आणि पट्टा जिथून निघतो ती जागा उघडी होते. तिथून रंगीत भागाचा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ काप काढतात, नख पुन्हा जागेवर बसवून टाके घालतात. दोन-तीन दिवस ठणका असतो, तेव्हा हात उंच ठेवायचा. इतका पातळ काप काढला तर नवीन नख बहुधा चांगलं येतं, कधीकधी मात्र पातळ येतं किंवा त्यात उभी चीर राहते. ही शक्यता आधी सांगितलेली बरी, कारण नख बिघडेल या भीतीनेच बायोप्सी पुढे ढकलली जाते. नखांच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा हाताच्या सर्जनकडे ती करावी, आणि काप नखांचे नमुने वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे जाईल का, हे विचारावं.

एवढा आटापिटा का, तर टप्प्यावर सगळं अवलंबून आहे. पेशी वरच्या थरातच असतील, तर नखाचा पूर्ण भाग मुळासकट काढून तिथे कातडी लावतात आणि बोट वाचतं. खोल उतरल्या असतील, तर बोटाचं पेर काढावं लागू शकतं आणि काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठी तपासाव्या लागतात.

खळगे: कारखान्याची मागची बाजू

मॅट्रिक्सचा मागचा भाग नखाचा वरचा पृष्ठभाग घडवतो आणि पुढचा भाग खालचा. सोरायसिसमध्ये मागच्या भागात सूज आली, की तिथे मधूनमधून कच्च्या पेशींचे पुंजके तयार होतात. नख कातडीबाहेर आलं की हे पुंजके गळून पडतात आणि टाचणी टोचल्यासारखे खळगे राहतात. खळगा कसा तयार झाला हे कळलं, की नखावर लावलेलं मलम कारखान्यापर्यंत का पोहोचत नाही, हेही कळतं. औषध मुळाच्या कातडीवर, आत जिरेल असं लावावं लागतं, आणि फरक दिसायला महिने जातात.

एकदोन नखांवर चारदोन खळगे निरोगी माणसातही असतात. सोरायसिसचे खळगे खोल, वेडेवाकडे पसरलेले, संख्येने जास्त. सोबत नखाखाली तेलाचा थेंब पसरल्यासारखा पिवळसर-तांबूस डाग असला, टोकाकडून नख सुटत असलं, तर शंका पक्की होते. डोक्यात, कोपरांवर, बेंबीत खवल्यांचे चट्टे शोधा. चाई, म्हणजे केस गोल चकत्यांनी जाणं, यातही खळगे पडतात. ते बारीक, उथळ आणि रांगेत आखल्यासारखे असतात.

खळग्यांसोबत बोटांची शेवटची पेरं दुखत असतील, सकाळी अर्धा तास आखडत असतील, तर वेळ घालवू नका. बोट सरळ करणारा स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतो ती जागा नखाच्या मॅट्रिक्सला अगदी लागून आहे. एकीकडची सूज दुसरीकडे जाते, म्हणून नखांत सोरायसिस असलेल्यांना सांध्यांचा सोरायसिस होण्याची शक्यता जास्त असते. तो वेळेत ओळखला नाही तर सांधे कायमचे वाकतात. सोरायसिसचं जाड, सुटलेलं नख बुरशीच्या नखासारखंच दिसतं. त्यामुळे बुरशीच्या गोळ्या सुरू करण्याआधी नखाखालचा भुगा काढून केओएच तपासणी किंवा कल्चर करून घ्या, असं डॉक्टरांना स्वतःहून म्हणायला हरकत नाही.

नखावरचे पांढरे ठिपके मात्र यांपैकी काही नाहीत आणि कॅल्शियम कमी असल्याचीही खूण नाहीत. मॅट्रिक्सला बसलेल्या बारीक धक्क्यांची ती निशाणी, वाढून निघून जाते.

चमच्यासारखं नख

नखाच्या मधोमध पाण्याचा एक थेंब ठेवा. निरोगी नखाला किंचित उंचवटा असतो, थेंब बाजूला ओघळतो. नख खोलगट असेल तर थेंब तिथेच बसून राहतो. मोठ्या माणसात याचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता. मात्र लोह कमी असलेल्या फार थोड्यांनाच असं नख होतं. भारतात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ५७ टक्के, स्त्रियांना ॲनिमिया आहे आणि त्यांतल्या बहुतेकींची नखं अगदी नीट दिसतात. म्हणजे खोलगट नख दिसलं तर तपासणी कराच, पण नख खोलगट नाही म्हणून लोह पुरेसं आहे असं धरू नका.

तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही हवं. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. नुसतं हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून सोडून दिलं, तर रिकामा साठा लक्षात येत नाही. फेरिटिन १५ च्या खाली असलं तर साठा संपल्यात जमा. ताप किंवा सूज असताना मात्र फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून आजारपणात केलेल्या तपासणीवर निर्णय घेऊ नये.

गोळ्या सुरू झाल्या की एक चूक सर्रास होते. महिन्याभरात अंगात जोर येतो, हिमोग्लोबिन सुधारतं आणि गोळ्या बंद होतात. साठा भरायला हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. चहा गोळीसोबत किंवा जेवणासोबत घेतला तर लोह कमी शोषलं जातं, तेव्हा मध्ये तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. खोलगट झालेलं नख सरळ होत नाही. मागून येणारं नवं नख नीट आकाराचं येतं आणि जुनं कापलं जातं, त्याला सहा महिने लागणारच.

पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी निघालं, तर गोळ्या देऊन थांबायचं नसतं. रक्त कुठेतरी जात असतं, बहुतेकदा जठर-आतड्यांतून, आणि ते शोधावं लागतं. गिळताना घास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लोहाच्या दीर्घ कमतरतेत अन्ननलिकेत पडदा तयार होऊ शकतो. तान्ह्या बाळांची पायाची नखं खोलगट असणं मात्र नैसर्गिक आहे. गॅरेजमध्ये हात सतत पेट्रोल-तेलात असणाऱ्यांचीही नखं खोलगट होतात, त्यांचं लोह नीट असलं तरी.

फुगलेलं बोट

बोटांची टोकं फुगून नखं वळतात, त्याला क्लबिंग म्हणतात. त्यात बिघाड नखात नसतो, नखाखालच्या मऊ भागात असतो. तो सुजतो, रक्तवाहिन्या वाढतात आणि नख वर उचललं जाऊन वळतं. सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण असं, की रक्तातल्या प्लेटलेट ज्यांच्यापासून तुटून तयार होतात त्या मोठ्या पेशी एरवी फुप्फुसात फुटून बारीक होतात. फुप्फुस बिघडलं किंवा हृदयातल्या छिद्रातून रक्त फुप्फुसाला वळसा घालून गेलं, की त्या बोटांच्या टोकांशी जाऊन अडकतात आणि तिथे वाढीची रसायनं सोडतात. दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासायचं असं. दोन्ही हातांच्या तर्जनी पाठीला पाठ लावा, म्हणजे नखाला नख आणि शेवटच्या सांध्याला सांधा टेकेल. उजेडाकडे धरून बघा. दोन्ही नखांच्या मुळाशी पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेच्या आकाराची छोटी फट दिसली पाहिजे. ती नाहीशी झाली असेल, तर क्लबिंगची शंका. ही खूण दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये मांडली. त्यांना स्वतःला हृदयाच्या झडपांचा संसर्ग झाला होता आणि त्या काळात त्यांनी आपल्याच बोटांमधली ही फट जाताना पाहिली. बाजूने पाहिलं तर निरोगी बोटात नख आणि मुळाची कातडी यांच्यात साधारण १६० अंशांचा कोन असतो, क्लबिंगमध्ये तो १८० च्या पलीकडे जातो. त्याच्याही आधी नखाचं मूळ दाबलं तर स्पंजसारखं दबतं.

वडिलांची, आत्याची बोटंही अशीच आणि लहानपणापासून तशीच असतील, तर तो घराण्याचा आकार असू शकतो. नव्याने झालेलं असेल, तर छातीचा एक्स-रे लगेच, आणि त्यात काही दिसलं नाही तर बरेचदा सीटी स्कॅन. आपल्याकडे क्षयरोगानंतर वायुनलिका रुंदावून त्यांत कफ साचत राहतो, त्या माणसांत क्लबिंग बरंच दिसतं. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुस आकसत जाण्याचा आजार, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, यकृताचा सिरोसिस ही बाकीची मोठी कारणं. बाळाचे ओठ-नखं निळसर असून बोटं फुगत असतील, तर हृदयाचा इको करावा लागतो.

एक गोष्ट डॉक्टरांकडूनही निसटते. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढून दमा-धाप लागलेल्या माणसाची बोटं फुगली, की ती जुन्या खोकल्यामुळेच असं मानलं जातं. पण धूम्रपानाने होणाऱ्या त्या आजारात, सीओपीडीत, एकट्याने क्लबिंग होत नाही. तिथे बोटं फुगली तर फुप्फुसात आणखी काहीतरी शिजतं आहे असं समजून सीटी करावा, आणि मनगटं-घोटे दुखून सुजत असतील तर तो त्याच आठवड्यात करावा.